गोळी डोक्यातून गेली तरी

बुलेट हेल प्रकारातला गेम पहिल्यांदा बघणाऱ्याची नजर गोळ्यांवर जाते आणि तिथेच अडकते. साहजिक आहे. गुलाबी, निळ्या, पांढऱ्या गोळ्यांची एवढी दाटी असते की मोकळी जागा शोधून काढावी लागते. त्या दाटीतून एखादं विमान किंवा उडणारी मुलगी निवांत सरकत असते. माझ्या भाचीने एकदा असाच खेळ माझ्या खांद्यावरून बघितला आणि थोड्याच वेळात ओरडली, "मामा, चीटिंग! ती गोळी तिच्या डोक्यातून आरपार गेली!"

गेली होती खरी. पण चीटिंग नव्हतं. पडद्यावरची मुलगी म्हणजे नुसतं चित्र. ते साधारण ३२ पिक्सेल रुंद असतं, त्यात केस असतात, बाह्या असतात, डोक्यावर भली मोठी रिबीन असते. गेमचं गणित ज्याला 'खेळाडू' मानतं तो मात्र तिच्या पोटाजवळचा काही पिक्सेलांचा ठिपका. तो म्हणजे हिटबॉक्स. गोळी त्या ठिपक्याला टेकली तरच जीव जातो. केसांतून, रिबिनीतून, हातातल्या काठीतून कितीही गोळ्या जाऊ देत, गेमला त्याचं सोयरसुतक नाही.

भाचीला हे सांगितल्यावर तिचं म्हणणं पडलं की मग हा खेळ सोपाच की. बऱ्याच जणांना असंच वाटतं. लहान हिटबॉक्स म्हणजे खेळाडूवर केलेली मेहरबानी. मला ते पटत नाही. ठिपका बारीक झाल्यामुळे खेळ सोपा झाला नाही, तो वेगळाच झाला. का, ते जरा आकडे मांडून बघू.

आधी थोडं मागे जाऊ. आपल्याकडे नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेमच्या पिवळ्या कॅसेटमध्ये जे विमानांचे खेळ असायचे, त्यांत तुमचं विमान चांगलं रुंद आणि गोळ्या मोजक्या, पण वेगवान. गोळी सुटली की क्षणात बाजूला व्हायचं, एवढीच कसोटी. १९९३मध्ये तोआप्लान या जपानी कंपनीने 'बात्सुगुन' नावाचा आर्केड गेम काढला. बरेच लोक पहिला बुलेट हेल त्यालाच म्हणतात. पुढच्याच वर्षी कंपनी बुडाली. तिथल्या काही लोकांनी 'केव्ह' ही कंपनी काढली. १९९५चा 'दोनपाची' आणि १९९७चा 'दोदोनपाची' हे तिचे. या प्रकाराचे नियम 'दोदोनपाची'ने पक्के केले असं मी मानतो: गोळ्या शेकड्यांनी, पण संथ, विमान दिसायला मोठं, पण लागायला जेमतेम कॉकपिटएवढं. २००२मध्ये झुन या टोपणनावाच्या एकट्या माणसाने विंडोजसाठी 'एम्बॉडिमेंट ऑफ स्कार्लेट डेव्हिल' काढला. त्याच्या 'तोहो' मालिकेतला हा सहावा भाग. भाचीने बघितला तो हाच, आणि पुढचं बोलणंही त्याच्याच आधाराने करतो, कारण माझा हात त्यावर जास्त बसलाय.

या गेममध्ये खेळायची चौकट ३८४ पिक्सेल रुंद आणि ४४८ उंच. सेकंदाला ६० फ्रेम. आता समजा, बॉस म्हणजे टप्प्यातला मुख्य शत्रू वर आहे, तुम्ही खाली, मध्ये ३०० पिक्सेल अंतर. बॉसने स्वतःभोवती ३६ गोळ्यांचं एक कडं सोडलं, म्हणजे दर दहा अंशांना एक गोळी. कडं पसरत पसरत तुमच्यापर्यंत आलं की शेजारच्या दोन गोळ्यांच्या मध्यबिंदूंमध्ये अंतर पडतं साधारण ५२ पिक्सेल. गोळी खऱ्या अर्थाने लागते तो तिचा भाग १२ पिक्सेल रुंद धरू. (गोळीचंही चित्र मोठं आणि लागणारा भाग लहान असतो, ही सवलत लोकांच्या चटकन लक्षात येत नाही.)

आता अख्खं ३२ पिक्सेलचं चित्र हाच हिटबॉक्स असता, तर दोन गोळ्यांमधून जायला ३२ अधिक १२, म्हणजे ४४ पिक्सेल लागले असते. मिळताहेत ५२. जेमतेम निभावलं. पण बॉसने लगोलग दुसरं कडं सोडलं, पहिल्याच्या फटींमध्ये बसणारं, तर अंतर २६वर येतं आणि वाट बंद. तुम्ही कितीही हुशार असा, जायला जागाच नाही. हिटबॉक्स चार पिक्सेलचा असेल तर लागतात फक्त १६. एका कड्यातून हसत जाल, दोन कड्यांतही दहा पिक्सेल हाताशी राहतात. तिसरं कडं मिसळलं की अंतर साडेसतरा. म्हणजे दीड पिक्सेल शिल्लक. तिथे हात थरथरून चालत नाही, पण वाट आहे.

इथेच एक गंमत दिसते. हिटबॉक्स बत्तीसवरून चारवर आणला तर लागणारी जागा ४४वरून १६वर येते. मग तो शून्य केला तर? १६वरून १२. बस. कारण आता अडवणारी गोष्ट तुम्ही नाही, गोळीची स्वतःची जाडी आहे. त्यामुळे एका मर्यादेनंतर ठिपका आणखी बारीक करून हाती फारसं काही लागत नाही. गेम बनवणाऱ्याला आणखी दाटी हवी असेल तर त्याला गोळीचा लागणारा भाग कमी करावा लागतो, किंवा गोळ्या संथ कराव्या लागतात.

जागेचा हिशेब लोक सांगतात. वेळेचा फारसा कोणी सांगत नाही, आणि मला तर तोच जास्त महत्त्वाचा वाटतो.

या खेळांत गोळ्यांची एक मोठी जात अशी की ती नेम धरून येते. सुटताना तुम्ही जिथे असता तिकडे ती निघते, आणि एकदा निघाली की दिशा बदलत नाही. समजा बॉस दर सहा फ्रेमला एक अशी गोळी सोडतोय, वेग फ्रेमला चार पिक्सेल. ३०० पिक्सेल यायला तिला ७५ फ्रेम लागतात, म्हणजे सव्वा सेकंद. तेवढ्या वेळात तुम्ही तिच्या रेषेतून बाहेर पडलात की झालं. किती बाहेर? तुमच्या निम्म्या रुंदीत तिची निम्मी रुंदी मिळवायची. ठिपक्याला दोन अधिक सहा, आठ पिक्सेल. पूर्ण चित्राला सोळा अधिक सहा, बावीस.

म्हणजे ठिपकावाला खेळाडू सव्वा सेकंदाला आठ पिक्सेल या गतीने एका बाजूला सरकत राहिला, तर प्रत्येक गोळी त्याच्या मागे पडत जाते. चौकट ३८४ पिक्सेलची. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत जायला त्याला पूर्ण एक मिनिट मिळतं. चित्रभर हिटबॉक्स असलेल्याला तेच अंतर बावीस सेकंदांत संपवावं लागतं. मग भिंत येते. खेळणारे याला स्ट्रीमिंग म्हणतात: घाबरून पळायचं नाही, गोळ्यांची धार आपल्या मागे मागे ओढत न्यायची. नवखा माणूस नेमकं उलटं करतो. गोळी आली की झटक्यात लांब जातो, पुढची गोळी त्या नव्या जागेवर येते, हा पुन्हा उडी मारतो, आणि थोड्याच वेळात सगळा पडदा त्याने स्वतःच गोळ्यांनी भरून टाकलेला असतो.

भिंत आली की मागे फिरायचं, पण मागे तर गोळ्यांची सलग रांग. सावकाश सरकल्यामुळे त्या एकमेकींना इतक्या चिकटून येतात की मधून जाताच येत नाही. मग ती रांग मुद्दाम तोडायची. भिंतीजवळ थोडी जागा राखून ठेवायची आणि शेवटच्या टप्प्यात एकदम वेगाने धावायचं. रेइमू म्हणजे या गेममधली ती उडणारी मुलगी. तिचा साधा वेग फ्रेमला चार पिक्सेल. दर सहा फ्रेमला एक गोळी, म्हणजे धावताना सुटलेल्या गोळ्या २४ पिक्सेलच्या अंतराने पडतात. ठिपक्याला लागतात १६, आठ शिल्लक. त्या फटीतून मागे फिरता येतं. चित्रभर हिटबॉक्सला ४४ लागले असते, तेव्हा हा डाव त्याला सुचून उपयोगच नव्हता. हा सगळा वळसा घेण्याचा प्रकार, जो या खेळांचा अर्धा जीव आहे, तो बारीक हिटबॉक्सशिवाय अस्तित्वातच आला नसता.

आता हाताचं बघू. माणसाने बटण हलकेच दाबून सोडलं तरी तीन-चार फ्रेम जातात. फ्रेमला चार पिक्सेल धरले तर एका टिचकीत बारा ते सोळा पिक्सेल सरकलो. दहा पिक्सेलची सूट असलेल्या फटीत हे कसं चालेल? म्हणून शिफ्ट दाबून फोकस करायची सोय असते. रेइमूचा वेग तेव्हा निम्मा होतो, टिचकीला सहा ते आठ पिक्सेल. वरच्या स्ट्रीमिंगला सव्वा सेकंदात आठ पिक्सेल हवे होते, म्हणजे साधारण सेकंदाला एक टिचकी. बोटांना झेपणारी गोष्ट. ठिपका, गोळीचा वेग आणि फोकसचा वेग हे तिन्ही एकमेकांशी जुळवलेले असतात. यातलं एकच उचलून दुसऱ्या खेळात टाकलं तर काही हाती लागत नाही. ठिपका बारीक पण विमान बेलगाम वेगाचं, असे हौशी गेम मी खेळलोय. त्यांत फट दिसते, पण थांबता येत नाही.

एवढी जागा आणि एवढा वेळ हाताशी आला तरी माणसं मरतात. ती बहुतेक वेळा फट लहान म्हणून मरत नाहीत. कोणती गोळी आपल्याकडे बघतेय आणि कोणती नाही, हे न ओळखल्यामुळे मरतात.

पंख्याचं उदाहरण घ्या. बॉस तुमच्यावर नेम धरून एकाच वेळी पाच गोळ्या पंख्यासारख्या सोडतो. पाच ही विषम संख्या, मधली गोळी बरोबर तुमच्या अंगावर. हलावंच लागणार. त्याने चारच सोडल्या, तर मधे गोळी नाही, फट आहे. दोन गोळ्यांमध्ये वीस अंश धरले तर ३०० पिक्सेलवर ती फट शंभराच्या वर जाते, आणि तुम्ही तिच्या बरोबर मध्यावर उभे आहात. काही करायचं नाही. नुसतं उभं राहायचं. वाचायला हे हास्यास्पद वाटतं, पण समोरून चार गोळ्या येत असताना बटणावरचं बोट स्वस्थ ठेवणं मला फार उशिरा जमलं. यात आणखी एक मेख आहे. नेम धरला जातो तो गोळी सुटताना. सुटण्याआधी हललात तर फट तुमच्यासोबत हलते, सुटल्यावर हललात तर ती मागे राहते. म्हणून हलायचं असेल तर दोन फटक्यांच्या मधल्या वेळात, आणि बॉस गोळ्या सोडायच्या बेतात असेल तेव्हा स्थिर.

दुसरी जात ठरलेल्या गोळ्यांची. त्यांना तुम्ही कुठे आहात याच्याशी देणंघेणं नाही; कडी, चक्राकार धारा, दर वेळी त्याच ठिकाणी. त्यात मोकळी जागा कुठे पडते ते पाठ करायचं. याच गेमच्या दुसऱ्या टप्प्यात चिर्नो नावाची बर्फाची परी येते. ईझी या सोप्या पातळीवर तिचा एक मंत्र, म्हणजे नाव असलेला हल्ला आहे, 'आयसिकल फॉल'. दोन्ही बाजूंनी बर्फाचे सुळके येतात, आणि तिच्या अगदी नाकासमोर उभं राहिलं तर एकही लागत नाही. आपण निवांत तिच्यावर गोळ्या झाडत उभे. चिर्नो खेळणाऱ्यांमध्ये मठ्ठ म्हणून प्रसिद्ध आहे, त्यात या फजितीचाही वाटा आहे. नॉर्मलवर झुनने ती मधली जागा भरून टाकलीय.

तिसरी जात निव्वळ अंदाधुंद. तिथे पाठांतर नाही, नेम ओळखणं नाही, समोर येईल ते बघून चुकवायचं. पाठांतर करणाऱ्यांचा या जातीवर फार राग असतो, आणि त्याला कारणही आहे: ठरलेल्या पॅटर्नमध्ये वाट आहे की नाही हे बनवणारा तपासू शकतो, अंदाधुंद गोळ्या क्वचित अशा जुळून येतात की भिंतच उभी राहते. ठिपका बारीक असल्याने असं फार कमी वेळा होतं. होतच नाही, असं मात्र नाही.

वेगवेगळ्या जाती एकत्र कशा येतात हे बघायचं तर चिर्नोचाच 'परफेक्ट फ्रीझ' घ्यावा. आधी ती रंगीबेरंगी गोळ्या सगळीकडे उधळते, अंदाधुंद. मग एकाएकी सगळ्या गोळ्या आहेत तिथे थिजतात आणि पांढऱ्या पडतात. पडद्यावर स्थिर ठिपक्यांचं रान. नवखा माणूस इथे सुटकेचा श्वास सोडतो, आणि तेवढ्यात ती तुमच्या रोखाने पंख्यासारखे फटके मारू लागते. म्हणजे थिजलेल्या गोळ्यांच्या मधून, त्यांना न टेकता, नेम धरलेल्या गोळ्या चुकवायच्या. ते आटोपतंय तोवर थिजलेल्या गोळ्या वितळल्यासारख्या हलायला लागतात, प्रत्येक वेगळ्या दिशेला, आधी अगदी हळू.

यातला मोक्याचा क्षण थिजण्याचाच आहे. गोळ्या थांबल्या की आपण आहोत त्या जागेचा आढावा घ्यायचा: भोवतीचा कोनाडा बंद आहे की एका बाजूने उघडा? बंद असेल तर फटके सुरू व्हायच्या आत बाहेर पडायचं, कारण नंतर हलायला जागा लागणार. आणि वितळताना जवळच्या पांढऱ्या गोळ्यांपासून दूर पळायचं नाही. त्या संथ असतात, कुणाचा रोख कुठे आहे ते लगेच कळतं. वेग धरलेल्या लांबच्या गोळ्या जास्त धोक्याच्या. मी या मंत्रात मेलो की बहुतेक वेळा खालच्या कोपऱ्यात मेलो. कोपऱ्यात गेलं की दोन बाजू भिंतीनेच बंद केलेल्या असतात, आणि मग तुमचा हिटबॉक्स चार पिक्सेलचा असला काय अन् दोनचा असला काय.

गेम रिप्ले जपून ठेवतो, त्यामुळे कारण शोधणं सोपं आहे. मेल्याची जागा थांबवून बघितली आणि शेवटच्या अर्ध्या सेकंदात मी डावी-उजवीकडे वेडावाकडा हललेला दिसलो, तर चूक त्या अर्ध्या सेकंदातली नसते. त्याच्या दोन-तीन सेकंद आधी मी चुकीच्या गल्लीत शिरलेलो असतो. आणि मी सरळ, शांतपणे एखाद्या गोळीवर जाऊन आदळलो असेन, तर ती गोळी मला दिसलीच नव्हती. नजर भलतीकडे होती.

नजरेबद्दल सगळे जाणते एकच सांगतात: स्वतःकडे बघू नका. दुचाकी शिकवणारा पुढच्या चाकाकडे बघू देत नाही, तसं. ठिपका कुठे आहे हे हाताला माहीत असतं. डोळे त्याच्या थोडे वर, पुढच्या अर्ध्या-एक सेकंदात जिथे गोळ्या पोचणार त्या पट्ट्यावर ठेवायचे. बॉसकडे नुसतं ओझरतं बघायचं, नवीन फटका सुरू झाला का एवढ्यापुरतं.

म्हणूनच मला 'स्कार्लेट डेव्हिल'ची एक उणीव आवडते. या गेममध्ये हिटबॉक्स दाखवतच नाहीत. रेइमूच्या चित्राच्या मध्यावर कुठेतरी तो आहे, अंदाजाने ओळखायचा. २००३च्या पुढच्या गेमपासून फोकस केलं की ठिपका दिसू लागला आणि सगळ्यांनी हुश्श केलं. सोय चांगलीच आहे, नव्याने शिकणाऱ्याला मी तोच गेम आधी देईन. पण ठिपका दिसला की डोळे त्याला चिकटतात, आणि चिकटले की वरचा पट्टा अंधुक होतो. मी स्वतः ठिपका असलेल्या गेममध्ये दाट फटींतून जास्त सफाईने जातो आणि नेम धरलेल्या साध्या गोळ्यांनी जास्त मरतो. भाचीने आता खेळायला घेतलंय. तिला मी दोन्ही गेम लावून दिलेत, आणि ती ठिपका नसलेल्यावर चार गोळ्यांच्या पंख्यासमोर अजून दर वेळी हलते.